फोनचा माऊस-कीबोर्ड करून टीव्हीवरचा पीसी चालवणे: तीन आठवड्यांची नोंद

सेटअप आधी सांगतो. जुना डेस्कटॉप, त्यावर लिनक्स मिंट सिनॅमन, एचडीएमआयने हॉलमधल्या ४३ इंची टीव्हीला जोडलेला, नेट यूएसबीच्या वायफाय डोंगलवर कारण राउटर आतल्या खोलीत आहे आणि भिंतीतून केबल ओढायला घरून परवानगी नाही. आतापर्यंत वायरवाला माऊस सोफ्यापर्यंत ओढून काम चालायचं, त्यात आई दोनदा अडखळली, मग ठरवलं की आता फोनच वापरायचा. ॲप केडीई कनेक्ट. फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि नाव केडीई असलं तरी सिनॅमनवर मस्त चालतं.

पहिला शनिवार

पीसीवर टाकायला एक ओळ, फोनवर प्ले स्टोअरवरून.

```
sudo apt install kdeconnect
```

आणि लगेच अडकलो, फोनला पीसी दिसेचना. माझ्याकडे फायरवॉल चालू होती (मिंटमध्ये ती मुळात बंद असते, मीच कधीतरी शहाणपणा करून चालू केलेली) म्हणून आधी तिच्यावर संशय. या ॲपला १७१४ ते १७६४ पोर्ट लागतात, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही:

```
sudo ufw allow 1714:1764/tcp
sudo ufw allow 1714:1764/udp
```

तरी नाही. मग जे आधीच करायला हवं होतं ते केलं, पीसीवरून फोनच्या आयपीला पिंग मारला. उत्तर आलं `Destination Host Unreachable`. म्हणजे ॲपचा काही दोषच नाही, दोन मशीन एकमेकांपर्यंत पोचतच नाहीयेत. बघतो तर फोन गेस्ट वायफायवर. पाहुण्यांसाठी पासवर्ड सोपा ठेवलेला, फोनने तोच लक्षात ठेवलेला. गेस्ट नेटवर्कवरच्या डिव्हाइसला राउटर मुद्दामच घरातल्या बाकी मशीनशी बोलू देत नाही, नेट मात्र दोघांनाही व्यवस्थित मिळतं, त्यामुळे संशयच येत नाही. तेव्हा तुमचंही असं झालं तर आधी पिंग बघा: पिंग जात नसेल तर राउटरकडे बघा, पिंग जातोय पण ॲपमध्ये नाव येत नाही तर फायरवॉलकडे.

फोन मेन वायफायवर आणला आणि दहा सेकंदात नाव आलं. पेअर करताना दोन्हीकडे एक छोटा कोड दिसतो, तो जुळतोय ना बघून होकार द्यायचा. एका बोटाने कर्सर, टॅप म्हणजे क्लिक, दोन बोटांचा टॅप म्हणजे राइट क्लिक, दोन बोटं वरखाली ओढली की स्क्रोल. आईला एवढं शिकवायला पाच मिनिटं लागली, राइट क्लिक सोडून.

दुसरा आठवडा, खरी डोकेदुखी

चालतंय पण मजा नाही. कर्सर आधी जरा उशिरा हलतो, शिवाय मधेच थांबतो आणि मग एकदम उडी मारतो. यूट्यूबवरचं बंद करायचं छोटं फुलीचं बटण पकडायला तीन-तीन प्रयत्न. आई म्हणाली, "अरे हा बाण पळतोय माझ्यापासून." चार दिवस मी याला एकच लॅग समजत होतो आणि इथेच चुकलो, कारण हे दोन वेगळे प्रॉब्लेम निघाले.

वेगळे कसे कळले तर जुना वायरवाला माऊस परत लावला. त्यानेही कर्सर किंचित उशिराच येत होता, पण एकसारखा, उड्या न मारता. म्हणजे उशीर टीव्हीचा, उड्या वायफायच्या. टीव्ही चित्र चकचकीत करायला प्रत्येक फ्रेमवर प्रोसेसिंग करतो त्यात वेळ जातो, सिनेमा बघताना कळत नाही, माऊस हलवताना कळतं. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये त्या एचडीएमआय पोर्टला गेम मोड लावला, उशीर जवळजवळ गेला. रंग थोडे फिके वाटतात, पण घरात कोणाच्या लक्षातही आलं नाही.

आता उड्या. पीसीवरून राउटरला पिंग मारला तर २-३ मिलिसेकंद, एकदम झकास, आणि त्यावर विश्वास ठेवून मी दोन संध्याकाळ वाया घालवल्या. मग उलट दिशेने केलं, फोनवर टर्मक्समधून पीसीला पिंग. आकडे असे: ५, ९४, ६०, १०८, ७. सापडलं!

कारण असं की डोंगलचं पॉवर सेव्ह चालू होतं. त्यात वायफाय कार्ड मधेमधे डुलकी काढतं, आणि तेवढ्या वेळात त्याच्यासाठी आलेला डेटा राउटर स्वतःकडे धरून ठेवतो. राउटर साधारण दर १०२ मिलिसेकंदाला बीकन पाठवतो, तो ऐकून कार्डाला कळतं की आपलं काहीतरी आलंय, मग ते जागं होऊन घेतं. पीसी स्वतः पिंग मारतो तेव्हा कार्ड आधीच जागं असतं म्हणून आकडे छान येतात. पण फोनवरून बोटाची हालचाल येते तेव्हा पीसी झोपलेला असू शकतो. बोट सतत फिरतंय आणि कर्सरला मात्र गठ्ठ्याने खबर मिळते, त्याचीच उडी दिसते.

आधी तात्पुरतं बंद करून बघा (`wlan0` च्या जागी तुमच्या कार्डाचं नाव, ते `iw dev` दाखवतं):

```
sudo iw dev wlan0 set power_save off
```

रीस्टार्टनंतर हे विसरलं जातं, म्हणून फरक पडला तर कायमचं करायचं. `/etc/NetworkManager/conf.d/default-wifi-powersave-on.conf` या फाइलमध्ये `wifi.powersave = 3` असतं, तिथे 2 करा आणि रीस्टार्ट. ३ म्हणजे चालू, २ म्हणजे बंद, हे आकडे कोणी ठरवले देव जाणे. माझं पिंग आता ४ ते ९ मध्ये असतं, आणि फुलीचं बटण पहिल्या फटक्यात. पीसी भिंतीच्या सॉकेटवर आहे त्यामुळे बॅटरीची काळजी नाही, लॅपटॉप असेल तर विचार करा.

तिसरा आठवडा, उरलेल्या गोष्टी

टायपिंग. इंग्रजी पासवर्ड, सर्च वगैरे ठीक. पण ॲपचा कीबोर्ड एकेक अक्षर सुटं पाठवतो त्यामुळे माझ्याकडे बोट घासून टाईप करणं आणि सजेशन दोन्ही चालत नाहीत, आणि मराठी लिहायची माझी सगळी भिस्त सजेशनवर. जुगाड असा की फोनच्या नोट्समध्ये मराठीत लिहायचं, कॉपी करायचं, ॲपमधून क्लिपबोर्ड पाठवायचं, टीव्हीवर पेस्ट. पाठवायचं बटण हाताने दाबावं लागतं कारण अँड्रॉइड १० पासून मागे चालणाऱ्या ॲपला क्लिपबोर्ड वाचता येत नाही. एका गाण्यासाठी एवढा उपद्व्याप नको वाटतो, पण आईला अभंग शोधायचे असतात आणि ती रोमनमध्ये लिहायला तयार नाही.

फोन खिशात ठेवला की कनेक्शन तुटायचं, तेव्हा ॲपची बॅटरी सेटिंग "अनरिस्ट्रिक्टेड" केली, थांबलं.

राहिलेला मोठा खड्डा म्हणजे लॉगिन. केडीई कनेक्ट लॉगिन झाल्यावरच सुरू होतं, त्यामुळे पासवर्डच्या स्क्रीनवर फोन मुका. सध्या ऑटो लॉगिन लावलंय, घरातलाच पीसी आहे. दुसरा रस्ता ब्लूटूथचा: अँड्रॉइड ९ पासून फोन स्वतः ब्लूटूथ कीबोर्ड म्हणून वागू शकतो, पीसीवर काहीच टाकावं लागत नाही. पण काही कंपन्या फोनमध्ये ही सोय बंद ठेवतात, माझा फोन त्यातलाच निघाला. बहिणीच्या फोनवर चाललं, तिचा फोन मात्र रात्री दहानंतरच हाती लागतो. म्हणून जुना वायरवाला माऊस आणि कीबोर्ड टीव्हीच्या मागे गुंडाळून ठेवलेत, बायोसमध्ये जायचं झालं तर तेच लागणार.