चोवीस आकडे, सगळे बरोबर

"मॅडम, यातला एक तरी आकडा चुकलाय का, ते दाखवा."

सराव परीक्षेचे पेपर परत दिल्यावर तो वर्गात थांबून राहिला होता. हातात इंग्रजीची परीक्षा असलेल्या आयईएलटीएस अ‍ॅकॅडमिकच्या रायटिंग टास्क १चं, म्हणजे आलेखाचं इंग्रजीत वर्णन करायच्या प्रश्नाचं, उत्तर होतं. टास्क अचीव्हमेंट या निकषाखाली मी ५ बँड दिला होता आणि त्याला हवा होता ७. मी त्याच्या शेजारी बसून उत्तर पुन्हा आलेखाशी ताडून पाहिलं. एकही आकडा चुकला नव्हता.

आलेख मीच सरावासाठी तयार केलेला होता. एका शहरातले लोक कामावर कशाने जातात, त्याची टक्केवारी त्यात होती. बस, मोटार, रेल्वे आणि सायकल अशा चार रेषा, १९९० ते २०१५ या काळात दर पाच वर्षांनी एक नोंद. चार रेषा आणि सहा वर्षं मिळून चोवीस आकडे. त्याने चोवीसच्या चोवीस लिहिले होते. १९९० मध्ये बस ४२ टक्के होती, १९९५ मध्ये ४० होती, २००० मध्ये ३७ होती. बस संपली की मोटार, मोटार संपली की रेल्वे. शेवटी सायकल, आणि तिथेच उत्तर थांबलं होतं.

त्याचं म्हणणं मला समजत होतं. तो हिशेब तपासणीच्या कामात होता. तिथे एखादी नोंद वगळणं म्हणजे चूक, कधीकधी त्याहूनही गंभीर. "कुठला आकडा सोडायचा हे मी कोण ठरवणार?" असं तो म्हणाला. हा प्रश्न त्याने अगदी मनापासून विचारला होता आणि माझ्या मते सगळा घोळ त्याच प्रश्नात होता. कारण या टास्कच्या सूचनेतच लिहिलेलं असतं की मुख्य वैशिष्ट्यं निवडा, ती थोडक्यात मांडा आणि जिथे गरज असेल तिथे तुलना करा. म्हणजे कोणता आकडा ठेवायचा आणि कोणता सोडायचा, हे ठरवण्याचेच गुण असतात.

पण हे मी वर्गात अनेकदा सांगितलं होतं. पुन्हा तेच सांगून काही होणार नव्हतं. म्हणून त्याला म्हटलं, "आलेख उलटा ठेवा. मी तुमचं उत्तर वाचते, तुम्ही फक्त ऐका."

सावकाश वाचलं, पूर्ण. मग विचारलं, "मोटारीने बसला कधी मागे टाकलं?"

तो गप्प. उत्तर त्याचंच होतं, आकडे त्याच्याच हाताने लिहिलेले होते. कागद मागून घेतला, एक बोट बसच्या परिच्छेदावर आणि दुसरं मोटारीच्या परिच्छेदावर ठेवून वर्षं जुळवू लागला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "२००० मध्ये बस ३७, मोटार २७. २००५ मध्ये बस ३०, मोटार ३३. म्हणजे मधे कुठेतरी."

आलेखातली सगळ्यात मोठी घडामोड हीच होती. ती त्याच्या उत्तरात होती, पण दोन परिच्छेदांत विखुरलेली, आणि ती जुळवायचं काम त्याने वाचणाऱ्यावर टाकलं होतं. परीक्षक ते काम करत नाही. बँड ५च्या वर्णनात जवळपास हेच आहे: तपशील यांत्रिकपणे सांगितलाय आणि स्पष्ट ओव्हरव्ह्यू, म्हणजे एकंदर चित्र, नाही. बँड ७साठी मुख्य कल आणि फरक दाखवणारा स्पष्ट ओव्हरव्ह्यू लागतो.

मग मी आलेखाचा कागद समोरच्या भिंतीवर चिकटवला आणि त्याला खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं. तिथून अक्षावरचे आकडे वाचता येत नव्हते, दिसत होत्या त्या फक्त रेषा. त्यांची नावं मी तोंडी सांगितली.

"काय दिसतंय?"

"बस खाली येतेय, मोटार वर जातेय. मधे एकमेकींना छेदतात. रेल्वे आणि सायकल जवळजवळ आहेत तिथेच."

"हे इंग्रजीत लिहा. वाक्याची सुरुवात ओव्हरॉलने करा. आकडा एकही नको."

त्याने दोन वाक्यं लिहिली. दहा मिनिटांपूर्वी जे त्याच्याकडे नव्हतं ते त्या दोन वाक्यांत होतं. आकडे नजरेआड झाल्याशिवाय त्याला रेषा दिसतच नव्हत्या. तेव्हापासून मी ही युक्ती इतरांवरही वापरते.

मग इतर तीन निकषांकडे वळलो, कारण नुकसान एका जागी थांबलेलं नव्हतं. त्याच्या उत्तरात जवळपास प्रत्येक वाक्य "इन" आणि सालाने सुरू होत होतं आणि क्रियापद बहुतेक ठिकाणी "वॉज". आकड्यामागून आकडा लिहिला की दुसऱ्या शब्दाची गरजच पडत नाही. "दुपटीहून अधिक झाली", "निम्म्याहून खाली आली", "किंचित घसरून पुन्हा सावरली" असं म्हणायचं तर आधी दोन आकड्यांमधलं नातं बघावं लागतं. त्याला हे शब्द येत होते, मी वर्गात ऐकले होते. पण या मांडणीत त्यांना जागाच नव्हती. त्यामुळे शब्दसंपत्ती, वाक्यरचना आणि सुसंगती, तिन्हीचे गुण खाली आले. शिवाय टास्क १साठी सुचवलेली वेळ २० मिनिटं असते, याने ३२ घेतली होती. वरची १२ मिनिटं टास्क २च्या निबंधातून गेली, ज्याचं वजन दुप्पट असतं. त्याचा निबंध अर्धवट का राहिला, हे मला तेव्हा कळलं.

तो घरी जाऊन पुन्हा लिहून आला, आणि या वेळी त्याने आकडेच काढून टाकले. बस कमी झाली, मोटार वाढली, रेल्वे स्थिर राहिली, लोकांचं उत्पन्न वाढलं असावं. मला वाईट वाटलं, कारण माझ्या बोलण्याचाच त्याने हा अर्थ घेतला होता. आकड्यांचा आधार नसलेलं वर्णनही बँड ५मध्येच येतं. आणि उत्पन्नाचं वाक्य तर आलेखात कुठेच नव्हतं. कारणं सांगणं हे टास्क १चं काम नाही.

म्हणून आम्ही एकेक आकडा हातात घेऊन त्याला विचारलं, तू कशाचा पुरावा आहेस? बसचे ४२ आणि २० राहिले, कारण उतार किती मोठा ते त्यांनीच कळतं. मोटारीचे १८ आणि ४० त्याच कारणाने राहिले. २००५चे ३३ आणि ३० राहिले, कारण क्रम उलटल्याचं तिथे पहिल्यांदा दिसतं. रेल्वेचे २५, २२ आणि २६ राहिले, म्हणजे २००० सालची खोल जागा आणि तिथून सावरणं कळतं. सायकलला एकच आकडा पुरला, १४च्या आसपास. बस आणि मोटार एका परिच्छेदात आल्या, रेल्वे आणि सायकल दुसऱ्यात. २०१०पर्यंत रेल्वेही बसच्या थोडी पुढे गेली होती, हे त्याचं त्यालाच दिसलं आणि त्याने ते आकड्याशिवाय एका वाक्यात लिहिलं.

चोवीसपैकी दहा आकडे उरले. १९९५ सालच्या बसच्या ४० टक्क्यांपाशी मात्र तो बराच वेळ अडला. "हा खरा आहे ना, मॅडम?"

"खरा आहे. पण ४२ आणि २० सांगितल्यावर तो नवीन काय सांगतो?"

त्याने पेन्सिल उचलली आणि त्यावर हलकी रेघ मारली. पुढच्या आठवड्यात नवा आलेख, नव्या चार रेषा. १९ मिनिटांत उत्तर माझ्या टेबलावर होतं. मी पहिल्यांदा दुसरा परिच्छेद शोधला. तो ओव्हरॉलने सुरू होत होता आणि त्यात एकही आकडा नव्हता.