चौथं पान

तेराव्यानंतर चौथ्या दिवशी चौघं ऑफिसात आली. आई, मोठी मुलगी, दोन मुलगे. कागद एकही नव्हता. मुलीच्या मोबाईलमध्ये वडिलांच्या मृत्युपत्राचे तीन फोटो होते आणि मजकूर इंग्रजीत. वडील सातारकर असले तरी मसुदा पुण्यातल्या एका वकिलांकडून टाईप करून घेतलेला. "मॅडम, यात नेमकं काय लिहिलंय ते मराठीत सांगा, मग पुढचं बघू," असं धाकटा म्हणाला.

फोटोतल्या कागदपत्राचा मजकूर वाचण्याआधी मी कडा बघते. तिसऱ्या फोटोच्या तळाशी, अंगठ्याच्या सावलीत, बारीक अक्षरात 'पेज 3 ऑफ 4' होतं. पहिल्या पानावर तारखेच्या आणि महिन्याच्या जागी नुसत्या रेघा. दोन ठिकाणी निळ्या पेनाने खाडाखोड आणि तिच्याशेजारी सही नाही. या खुणा मी मनात ठेवल्या. घरची माणसं आधी 'बाबांनी काय ठरवलं होतं' हे ऐकायला आलेली असतात. ते न सांगता 'हा कागद कायद्याने काहीच नाही' असं तोंडावर मारलं, तर पुढचं कुणी ऐकत नाही. पण लपवायचंही नसतं. म्हणून सुरुवातीलाच सांगितलं, "हा मसुदा दिसतोय. सही झाली होती की नाही ते शेवटी बघू. आधी अर्थ लावू."

पहिलं भांडण होतं 'एक्झिक्युटर' या शब्दावर. तिथे मामांचं, म्हणजे आईच्या भावाचं नाव होतं. थोरल्याने दोन दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. त्याची समजूत अशी की बाबांनी सगळं मामांच्या नावावर केलं. मराठी कागदांत या माणसाला निष्पादक किंवा व्यवस्थापक म्हणतात, पण त्यानेही उलगडा होत नाही. मी त्यांना लग्नघराची कोठी सांगितली. कोठीच्या किल्ल्या एका जाणत्या माणसाच्या कमरेला असतात. तो मोजून सामान काढून देतो, आचाऱ्याचे, मांडववाल्याचे पैसे भागवतो, शेवटी हिशेब देतो. म्हणून कोठी त्याची होत नाही. एक्झिक्युटर तसाच. मालमत्ता गोळा करायची, अंत्यविधीचा खर्च आणि देणी भागवायची, मग ज्याचं त्याला द्यायचं. मृत्युपत्रात त्याच्या नावे वेगळं काही लिहिलेलं असेल तरच त्याला ते मिळतं, आणि या मसुद्यात मामांना काहीच नव्हतं. वाटप लगेच करण्याचीही त्याच्यावर सक्ती नसते. मृत्यूनंतर एक वर्ष होईपर्यंत मृत्युपत्रातली देणगी द्यायला कायदा त्याला भाग पाडत नाही, कारण देणी कुठून निघतील ते आधी कळावं लागतं. थोरला काही बोलला नाही, फक्त फोन काढून बाहेर गेला. परत आला तेव्हा म्हणाला, "मामा संध्याकाळी येतायत."

दुसऱ्या पानावरचं शीर्षक धाकट्याने 'रिक्वेस्ट' असं वाचलं होतं. फोटो हललेला, त्यामुळे दोष त्याचा नाही. बाबांनी विनंती केली आहे, ती मानणं-न मानणं आपल्याकडे, असा त्याने अर्थ काढला होता. शब्द 'बिक्वेस्ट' होता, म्हणजे मृत्युपत्राने दिलेली वस्तू किंवा रक्कम. तिथे तीन कलमं होती. फ्लॅट धाकट्याला, गावाजवळचा बिगरशेती प्लॉट थोरल्याला, आणि अमुक नंबरच्या पावतीची पाच लाखांची मुदत ठेव मुलीला.

मी पावतीचा नंबर मोठ्याने वाचला तशी मुलीने मान खाली घातली. ती ठेव बाबांच्या हृदयाच्या ऑपरेशनच्या वेळी मोडली होती. बँकेत तीच गेली होती बाबांबरोबर.

हे कलम मी सावकाश समजावलं, कारण इथे सगळ्यात जास्त माणसं फसतात. मृत्युपत्रात एखादी ठरावीक, बोट दाखवता येईल अशी वस्तू दिली आणि मृत्यूच्या वेळी ती वस्तू त्या माणसाची राहिलीच नसली, तर ती देणगी संपते. भारतीय वारसा कायदा, 1925 मधलं कलम 152 हेच सांगतं. ठेव कशासाठी मोडली, चांगल्या कामासाठी की वाईट, हे तिथे विचारात येत नाही. अर्धी मोडली असती तर उरलेली अर्धी मिळाली असती. पण मृत्युपत्रातल्या त्या कलमात 'पावती क्रमांक अमुक' ऐवजी 'माझ्या मालमत्तेतून पाच लाख रुपये' असं लिहिलं असतं, तर ते एका विशिष्ट पावतीला बांधलेलं राहिलं नसतं आणि बाकीच्या पैशांतून द्यावं लागलं असतं. फरक एका ओळीचा. मसुदा करणाऱ्याने नेमकेपणासाठी नंबर घातला आणि तोच नडला. ठेवीचं नूतनीकरण झालं की पावतीचा नंबर बदलू शकतो, तेव्हाही याच वळणाचा वाद उभा राहतो.

"म्हणजे बाबांनी मला काहीच ठेवलं नाही?" तिने विचारलं. मी म्हटलं, "ताई, त्यांनी ठेवलं होतं. ते त्यांच्याच दवाखान्याला लागलं. कागदाचा अर्थ वेगळा आणि मनाचा वेगळा, दोन्ही एकत्र करू नका." हे बोलून तिला बरं वाटलं असेल असं नाही.

तिसऱ्या पानावर आल्यावर आईने पहिल्यांदा तोंड उघडलं. भाच्याने शब्दकोश बघून त्यांना एक वाक्य मराठीत करून दिलं होतं: 'माझ्या इस्टेटीचे अवशेष माझ्या पत्नीस.' त्या म्हणाल्या, "अस्थी तर कृष्णेत सोडल्या. आता अवशेष कुठले माझ्या हाती देणार होते?"

शब्द होता 'रेसिड्यू'. त्याला मराठीत 'उर्वरित मालमत्ता' म्हणतात, पण काकूंना मी 'उरलंसुरलं सगळं' असं सांगितलं. देणी गेली, ज्याच्या नावे जे लिहिलं ते गेलं, मग मागे जे राहतं ते. वरवर हे कलम शेवटचं आणि किरकोळ वाटतं. प्रत्यक्षात मसुद्यातलं सगळ्यात लांब हाताचं कलम हेच. मसुद्यात ज्याचा उल्लेख नाही ते यात येतं. मसुद्यानंतर घेतलेलं यातच येतं, कारण मृत्युपत्रातलं मालमत्तेचं वर्णन, उलट काही लिहिलेलं नसेल तर, मृत्यूच्या दिवशीच्या मालमत्तेला लागू होतं. ज्याच्या नावे काही दिलं तो आधीच वारला आणि देणगी रद्द झाली, तर सहसा तीही याच कलमात पडते.

पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडले. बचत खात्यात 2,60,000. पोस्टातली मुदत ठेव 4,00,000, जी मसुद्यानंतरची होती आणि मसुद्यात कुठेच नव्हती. बेरीज 6,60,000. त्यातून पतसंस्थेचं कर्ज 1,85,000, दवाखान्यासाठी उसने घेतलेले 1,20,000 आणि अंत्यविधीचे 35,000, मिळून 3,40,000 वजा. राहिले 3,20,000. या कागदाप्रमाणे ते आईचे, वर जुनी स्कूटर, भांडीकुंडी आणि ज्याचं नाव कुणालाच आठवत नाही असं जे काही असेल ते. पोस्टाच्या ठेवीवर नॉमिनी थोरला होता. नॉमिनी पैसे हातात घेतो, त्याने तो मालक ठरत नाही. हे त्याला आधीच माहीत होतं, नशीब.

आता कडांवरच्या खुणांकडे वळणं भाग होतं. "चौथं पान कुठंय?" मी विचारलं. मुलगी म्हणाली, "त्याच्यावर नुसत्या रेघा होत्या, म्हणून फोटो नाही काढला. अक्षर बारीक म्हणून बाबांनी मला वाचायला दिलं होतं, तेव्हा काढलेले हे." त्या रेघा म्हणजे सही आणि साक्षीदारांची जागा. व्हॉट्सॲपवर फिरलेल्या प्रतीत मूळ तारीख राहत नाही, म्हणून तिच्या गॅलरीतला मूळ फोटो उघडायला लावला. चौदा महिन्यांपूर्वीचा निघाला, ऑपरेशनच्या आधीचा.

भारतीय वारसा कायद्याच्याच कलम 63 प्रमाणे मृत्युपत्र करणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदार लागतात. प्रत्येक साक्षीदाराने ती सही होताना पाहिलेली असावी, किंवा 'ही माझी सही' हे त्याच्या तोंडून ऐकलेलं असावं, आणि साक्षीदाराने स्वतःची सही त्याच्या देखत केलेली असावी. दोघं एकाच वेळी हजर असायला हवेत असं नाही. नोंदणी सक्तीची नाही, स्टॅम्पही लागत नाही. धाकट्याने विचारलं, "दोन साक्षीदार आता घेतले तर?" साक्षीदार सहीचा असतो, इच्छेचा नाही, आणि सहीच नसेल तर तो साक्ष कशाची देणार? जुनी तारीख टाकून कुणी सही केली तर तो बनावट दस्त, आणि त्यात या घरातलाच कुणीतरी अडकणार, एवढं मी स्पष्ट बोलले.

तरी हा फोटो टाकाऊ नव्हता. सही झालेलं मूळ पत्र मृत्यूनंतर गहाळ झालं असेल, तर त्याच कायद्याच्या कलम 237 खाली जपलेल्या प्रतीवर किंवा मसुद्यावरही प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, मिळू शकतं. अट अशी की सही झाली होती हे सिद्ध व्हायला हवं. म्हणून शोध लावला. घरातलं कपाट, बँकेचा लॉकर, पुण्याचे वकील, आणि दुय्यम निबंधक कार्यालय. तिथे मृत्युपत्रं पुस्तक क्रमांक 3 मध्ये नोंदतात. माणूस हयात असेपर्यंत त्याची नक्कल दुसऱ्या कुणाला मिळत नाही, पण मृत्यूनंतर अर्ज करणाऱ्याला मिळते. मृत्यूचा दाखला जोडून दोन कार्यालयांत अर्ज दिले.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. नोंद नाही. लॉकरमध्ये मंगळसूत्र आणि पॉलिसी. पुण्याच्या वकिलांनी सांगितलं की दुरुस्त्या करून आणतो म्हणून प्रिंट घेऊन गेले, परत आले नाहीत.

म्हणजे मृत्युपत्र नाही. मग हिंदू वारसा कायद्याचं कलम 8. आजी, म्हणजे बाबांची आई, हयात नव्हती, त्यामुळे आई, मुलगी आणि दोन मुलगे, चौघांना सारखा चौथा हिस्सा, फ्लॅटमध्येही, प्लॉटमध्येही. देणी भागवून उरलेले 3,20,000 म्हणजे प्रत्येकी 80,000. मसुद्याप्रमाणे रिकाम्या हाताने उठणारी मुलगी आता चौथाईची धनी, आणि फ्लॅट आपलाच समजलेला धाकटा चौथाईवर. मामांकडे कसलाही अधिकार उरला नाही. चौघांना बाबांच्या मनासारखं करायचंच असेल, तर मसुदा समोर ठेवून वाटणीपत्र किंवा हक्कसोडपत्र करता येईल, ते नोंदणीकृतच हवं. पण ते बाबांचं देणं नसेल, या चौघांचं असेल, आणि कुणी नाही म्हटलं तर त्याला भाग पाडता येणार नाही. बँकेच्या दाव्याच्या फॉर्मवर 'मृत्युपत्र आहे काय' याच्यापुढे 'नाही' लिहायचं, हेही सांगितलं, कारण थोरला तिथे हो लिहून फोटो जोडणार होता.

निघताना काकू थांबल्या. तिसऱ्या पानाची प्रिंट मागितली. उर्वरित मालमत्तेच्या कलमात टाईप केलेलं 'दोन्ही मुलांना समान' हे शब्द निळ्या पेनाने खोडून वर 'पत्नी' असं इंग्रजीत लिहिलेलं होतं. सही नसलेल्या कागदावरच्या त्या दुरुस्तीला कायद्यात किंमत शून्य. काकूंनी विचारलं, "हे अक्षर त्यांचंच ना?" मुलीने हो म्हटलं. मी त्या पानाच्या दोन प्रती काढून दिल्या.