उत्तर बंगालच्या उपसागरात फ्लोट सोडायला जाताना

पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास, चेन्नईहून निघालेल्या एका संशोधन जहाजावर मला जागा मिळाली. जहाज उत्तर बंगालच्या उपसागरात काही ठरलेल्या ठिकाणी थांबून सीटीडी, म्हणजे वाहकता, तापमान आणि खोली मोजणारं उपकरण, खाली सोडणार होतं, त्यातल्या काही ठिकाणी आर्गो या जागतिक समुद्रमापन प्रकल्पाचे फ्लोट पाण्यात सोडणार होतं आणि वाटेत एका नांगरलेल्या बोयाची देखभाल करणार होतं. पुढच्या फेरीला जाणारे विद्यार्थी अधूनमधून विचारतात, म्हणून हे लिहून ठेवतोय.

आधी सामानाचं. वैद्यकीय प्रमाणपत्र आणि बंदराचा पास यांच्या मागे लवकर लागा. बोट लागण्यावरची गोळी बंदर सोडण्यापूर्वी घ्यायची. पोट ढवळायला लागल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. स्वेटर न्या. चेन्नईच्या उकाड्यात हे वेडेपणाचं वाटेल, पण क्षारता मोजायची खोली सतत गार आणि एकाच तापमानाला ठेवलेली असते आणि तुमचे बरेच तास तिथेच जाणार आहेत.

आता कामाचं. फ्लोट म्हणजे वीस-पंचवीस किलोचं, माणसाच्या उंचीच्या आसपासचं नळकांडं. त्याच्या पोटात तेल असतं आणि तळाला रबरी पिशवी. पंपाने तेल पिशवीत ढकललं की फ्लोटचं आकारमान वाढतं, वजन मात्र तेवढंच राहतं, त्यामुळे तो वर येतो. तेल परत आत घेतलं की खाली जातो. नेहमीचा क्रम असा: १००० मीटरवर जाऊन प्रवाहाबरोबर वाहत राहायचं, दहा दिवसांनी २००० मीटरपर्यंत उतरायचं आणि तिथून सेकंदाला साधारण १० सेंटिमीटर वेगाने वर येत दाब, तापमान आणि वाहकता मोजायची. वर यायला सहा तासांच्या आसपास लागतात. मग उपग्रहाकडे आकडे पाठवून पुन्हा खाली. जगभर असे चारेक हजार फ्लोट आहेत. भारताने सोडलेल्यांची माहिती हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राकडून पुढे जाते.

उत्तर उपसागरात गोची होते ती या वर येण्यातच. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी यांचं पाणी आणि पाऊस मिळून पृष्ठभागावर हलक्या पाण्याचा थर तयार होतो. पावसाळ्यानंतर इथली क्षारता, म्हणजे ढोबळमानाने किलोभर पाण्यातलं मीठ ग्रॅममध्ये, ३० च्याही खाली जाते, तर उत्तर अरबी समुद्रात ती ३६ च्या वर असते. घनतेत हिशेब मांडला तर उपसागराचं वरचं पाणी अरबी समुद्राच्या पाण्यापेक्षा घनमीटरमागे साधारण पाच किलोने हलकं. वीस लिटर आकारमानाच्या फ्लोटला या फरकापोटी सुमारे १०० मिलिलिटर जास्त तेल बाहेर ढकलावं लागतं. पंपाची एकूण पोच काहीशे मिलिलिटरच असल्याने हे १०० मिलिलिटर म्हणजे चैनीची गोष्ट नव्हे. अरबी समुद्राच्या हिशेबाने वजन जमवलेला फ्लोट इथे सोडला तर तो गोड्या थराच्या खालीच अडकू शकतो. वर आला नाही म्हणजे अँटेना पाण्याबाहेर नाही, म्हणजे संदेश नाही. म्हणून फ्लोट कुठे सोडायचा हे ठरल्यावर त्याचं वजन कोणत्या पाण्यासाठी जमवलं आहे ते कागदावर तपासा. जहाजावर आल्यावर त्याबाबतीत काहीच करता येत नाही.

आमच्या मुख्य ठिकाणी आधी सीटीडी गेलं. हे जड चौकटीत बसवलेलं उपकरण. भोवती बाटल्यांचं वर्तुळ आणि वर विंचची तार, तिच्यातूनच आकडे लगेच पडद्यावर येतात. प्रथम १० मीटरवर थांबवायचं, पंप सुरू होऊन नळ्यांतली हवा निघेपर्यंत. मग पृष्ठभागाजवळ वर घ्यायचं आणि तिथून सेकंदाला सुमारे एक मीटरने खाली सोडायचं. प्रोफाइल, म्हणजे खोलीनुसारचा आलेख, म्हणून उतरतानाचे आकडे धरतात, कारण वर येताना चौकट स्वतःच ढवळलेल्या पाण्यातून संवेदक ओढत नेते. बाटल्या मात्र येतानाच बंद करतात.

क्षारता थेट कोणी मोजत नाही. मोजतात ती वाहकता, आणि तिच्यावर क्षारतेइतकाच तापमानाचाही हात असतो. तापमानात ०.०१ अंशाची चूक झाली की क्षारतेत जवळजवळ ०.०१ चीच चूक येते. आर्गोची क्षारतेची अपेक्षित अचूकताही ०.०१ च आहे, त्यामुळे दोन्ही संवेदकांनी पाण्याचा तोच घोट मोजला पाहिजे. तापमान झपाट्याने बदलतं त्या थरात एक संवेदक क्षणभर मागे राहिला तरी क्षारतेच्या आलेखावर काटे उमटतात. असे काटे दिसले की ‘नवा थर सापडला’ म्हणून वहीत लिहू नका.

आमच्या आलेखावर ५ मीटरला क्षारता २९.६ होती आणि ३० मीटरपर्यंत ती ३३ च्या आसपास गेली. तापमान मात्र खाली जाताना कमी व्हायच्या ऐवजी ४० मीटरवर पृष्ठभागापेक्षा अर्ध्या अंशाने जास्त होतं. माझ्याबरोबरच्या मुलीला वाटलं, संवेदक बिघडला. हे तपासायची सोपी रीत आहे. तापमान आणि क्षारता दोन्ही घेऊन घनता काढा. घनता खोलीबरोबर वाढतच असेल आणि वर येतानाच्या आलेखातही तोच फुगवटा असेल, तर तो खरा. अर्ध्या अंशाने पाणी हलकं होतं घनमीटरमागे दीडएकशे ग्रॅमने. क्षारता तीनने वाढल्यामुळे ते जड होतं सव्वादोन किलोने. त्यामुळे गरम पाणी गार पाण्याखाली सुखाने राहू शकतं. वरच्या गोड्या झाकणामुळे उपसागरात हे हिवाळ्यात नेहमी दिसतं. घनताच उलटी आली असती, तर मात्र संवेदकावर संशय घ्यायला हवा होता.

वरच्या पाच मीटरबद्दल एक सावधगिरी. जहाजाचा तळ तेवढाच खोल असतो आणि पंखे पाणी ढवळतात, त्यामुळे सीटीडीचे तिथले आकडे जहाजाने घुसळलेल्या पाण्याचे असतात. फ्लोटही बहुधा पाचेक मीटरवर संवेदकात पाणी ओढणारा पंप बंद करतो, पृष्ठभागावरचा तेलकट मळ वाहकतेच्या नळीत जाऊ नये म्हणून. म्हणजे गोडं पाणी सर्वांत जास्त असतं, नेमकी तीच जागा दोघांच्याही हातून निसटते. जमलं तर जहाज थांबल्याबरोबर पुढच्या बाजूने बादलीने नमुना घ्या.

बाटल्यांचे नमुने हा कंटाळवाणा भाग, पण सगळा निवाडा त्यावरच होतो. ऑक्सिजनचे नमुने आधी, क्षारतेचे शेवटी. काचेची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, खांद्यापर्यंत भरायची आणि तोंड कोरडं पुसायचं. तोंडाशी वाळलेला मिठाचा कण आत पडला तर क्षारता वाढलेली दिसते. नंतर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत नमुने तसेच ठेवायचे आणि प्रमाणित समुद्रजलाने लावलेल्या सॅलिनोमीटरवर मोजायचे. यंत्राच्या आतलं पाणी खोलीपेक्षा एक-दोन अंश गरम असावं लागतं. दार सतत उघडं टाकणाऱ्यांना तिथे शिव्या बसतात, आणि त्या बसायलाच हव्यात.

सीटीडी वर आल्यावर त्याच जागी फ्लोट. डेकवरचे अनुभवी तंत्रज्ञ रत्नागिरीकडचे होते. दोर हातात घेण्याआधी त्यांनी एकच विचारलं, “टोप्या काढल्यास काय?” संवेदकाच्या नळीवर रबरी टोप्या असतात, त्या राहिल्या तर पाणी आत जात नाही आणि अख्खा फ्लोट क्षारतेपुरता वाया. आमच्या फ्लोटला तीन होत्या. काढलेल्या टोप्या खिशात न टाकता मोजून नोंदवहीला चिकटवायच्या, ही त्यांची पद्धत मला पटली. जहाज अगदी सावकाश पुढे जात असताना, मागच्या बाजूने, दुहेरी दोराने फ्लोट उतरवतात आणि पाण्याला टेकला की दोराचं एक टोक सोडून देतात. संवेदक जहाजाच्या अंगावर आपटू द्यायचा नाही. वेळ यूटीसीत लिहा. डेकवरची घड्याळं भारतीय वेळेला असतात, आणि साडेपाच तासांची गफलत नंतर शोधणं त्रासाचं होतं.

पहिलं प्रोफाइल जहाजावर असतानाच हाती आलं. तुलना करताना खोलीला खोली लावायची नाही. अंतर्गत लाटा पाण्याचे थर कित्येक मीटर वरखाली करत असतात, म्हणून समान तापमानाचं पाणी एकमेकांशी ताडून पाहतात, तेही खोल, जिथे क्षारता फारशी बदलत नाही. आमच्या खोल पाण्याला बाटल्यांनी ३४.८०३ दिलं, सीटीडीने ३४.८०६. फ्लोटने दिलं ३४.७८. म्हणजे ०.०२ ने गोडं. ही चूक ओळखीची होती. नळीच्या तोंडाशी शेवाळ-किडे चिकटू नयेत म्हणून विषारी रसायनाच्या गोळ्या बसवलेल्या असतात. साठवणीत त्यातलं थोडं नळीच्या आत पसरलं तर वाहकता कमी दिसते आणि पहिली एखाद-दोन प्रोफाइल गोडी येतात. तिसऱ्या फेरीला आमचा फ्लोट ३४.८० वर आला. शेजारी सीटीडी केलं नसतं तर पहिला आकडा खरा की तिसरा, हे सांगणं अवघड होतं.

बोयाचं थोडक्यात. नांगरलेला बोया एकाच जागी राहून वरच्या ५०० मीटरपर्यंत टांगलेल्या संवेदकांनी सतत मोजत राहतो. फ्लोट दहा दिवसांतून एकदा बोलतो. पावसाच्या एका सरीने गोडा झालेला थर पकडायला बोयाच हवा. पण वरचे संवेदक समुद्री जीवांनी भरून जातात. नळी आतून अरुंद झाली की वाहकता कमी आणि क्षारता खोटी गोडी. काढलेला संवेदक धुण्याआधी सीटीडीशी ताडून पाहा, धुतल्यावर पुन्हा. दोन्हींतला फरक म्हणजे चिकटलेल्या जीवांचा वाटा. आजूबाजूला मासे जमतात म्हणून मासेमारी नौका बोयाला दोर बांधतात, त्यात वरचे भाग तुटतात. जवळ जाण्याआधी दुर्बिणीतून पाहा, सुटी तार लोंबत असते.

घरी आल्यावर फाइल उघडाल तेव्हा नावाचं पहिलं अक्षर पाहा. `R` असेल तर ती चोवीस तासांत यंत्राने चाळलेली माहिती, `D` असेल तर कुणीतरी बसून तपासलेली, आणि त्याला बहुधा वर्षभर लागतं. क्षारतेचा `PSAL` हा रकाना थेट वापरू नका; `PSAL_QC` मध्ये १, म्हणजे ‘चांगला’, आहे का ते पाहा आणि तपासलेल्या फाइलीत `PSAL_ADJUSTED` आणि त्याचाच `PSAL_ADJUSTED_QC` घ्या. २०१५ नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या बऱ्याच संवेदकांची क्षारता अचानक खारटाकडे सरकत गेल्याचं आढळलं आहे. त्यामुळे दोन-तीन वर्षं व्यवस्थित चाललेल्या फ्लोटने खोल पाणी एकाएकी खारट दाखवलं, तर आधी शेजारच्या फ्लोटचं त्याच तापमानाचं पाणी काढून पाहा.