मशीन फॅट खातंय

सकाळी सव्वासातला संकलन केंद्रावर पोचले, तेव्हा काट्यापाशी सात-आठ शेतकरी कॅन खाली ठेवून उभे होते. रांग मोडलेली. आबा सगळ्यांत पुढे. "मॅडम, मशीन फॅट खातंय," ते म्हणाले. "घरच्या गाईला साडेतीनच्या खाली कधी फॅट लागली नाही. आता चार दिवसांत तीनदा ३.३."

गाईच्या दुधाचा भाव आमच्याकडे ३.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेला घन भाग, यांना बांधलेला असतो. त्याखाली गेलं की कपात सुरू होते, म्हणून ३.५ आणि ३.३ मधला फरक दिसायला दोन ठिपक्यांचा असला तरी आबांच्या खिशाला लागतो. केंद्राच्या सचिवांचं म्हणणं मात्र ठाम होतं. फॅट मोजणारं मशीन नवं आहे, दोन-तीन शेतकऱ्यांचं दूध पातळ असेल, त्यात मशीनचा काय दोष?

मी दूध संघाच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. वाद मिटवायचा तर दोन्हीकडून मोजून बघणं हाच उपाय, म्हणून ॲसिडने फॅट सुटी करून मोजायच्या गर्बर पद्धतीचा सगळा संसार गाडीत घालूनच आले होते: ब्युटिरोमीटर, ॲसिड, अमाईल अल्कोहोल, छोटं सेंट्रिफ्यूज, वॉटर बाथ.

दहा शेतकऱ्यांचं दूध घेतलं. प्रत्येकाचं दूध नीट ढवळून त्याचे दोन भाग केले, एक मशीनला, एक मला. ब्युटिरोमीटरमध्ये आधी १० मिली ॲसिड, त्यावर १०.७५ मिली दूध हळूच कडेने सोडायचं, मग १ मिली अमाईल अल्कोहोल. बूच लावून हलवलं की नळी हाताला चटका देते, म्हणून फडक्यात धरायची. सेंट्रिफ्यूज झालं, ६५ अंशांच्या पाण्यात ठेवलं, आणि मग वाचन. बूच किंचित आत-बाहेर करून चरबीच्या पिवळ्या स्तंभाचा तळ एका रेषेवर आणायचा आणि वरची वक्ररेषा जिथे सर्वांत खाली टेकते तो आकडा घ्यायचा. इथे डोळा फसवतो. समोर ३.३ लिहिलेलं दिसलं की ३.४ चं ३.३ वाचायची ओढ लागते. म्हणून मशीनचे आकडे केंद्रावरच्या पोराने वेगळ्या कागदावर लिहिले आणि माझं वाचन संपेपर्यंत तो कागद त्याच्याच खिशात राहिला.

मग आकडे शेजारी-शेजारी मांडले. पहिला गर्बरचा, दुसरा मशीनचा:

३.६ आणि ३.५, ४.१ आणि ४.०, ३.९ आणि ३.९, ४.५ आणि ४.३, ३.४ आणि ३.३, ४.० आणि ३.८, ४.३ आणि ४.२, ३.७ आणि ३.७, ३.५ आणि ३.३, ४.० आणि ३.९.

नववी जोडी आबांची.

गर्बरची सरासरी ३.९०, मशीनची ३.७९. प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते, गर्बरचं ०.३५, मशीनचं ०.३४. लॅपटॉप उघडला आणि घाईत नेहमीच्या सवयीने सूत्र टाकलं:

```
=T.TEST(B2:B11,C2:C11,2,2)
```

उत्तर आलं ०.४९. म्हणजे दोन्ही पद्धतींत खरा फरक काहीच नसता, तरी नुसत्या योगायोगाने एवढं किंवा याहून जास्त अंतर दिसण्याची शक्यता जवळपास निम्मी. सचिव माझ्या खांद्यावरून बघत होते. "बघा, फरक नाही," ते म्हणाले, आणि आबांकडे वळले सुद्धा.

मला मात्र ते आकडे खटकत होते. दहापैकी आठ जोड्यांत मशीन खाली, दोनदा बरोबरी, एकदाही वर नाही. योगायोग एकाच बाजूला इतका कसा झुकेल?

चूक माझी होती. ते ०.३५ विचलन कशाचं होतं? मशीनचं नव्हे, गाईंचं. एकीचं दूध ३.४, दुसरीचं ४.५. जात, चारा, वेताचे महिने, सगळा पसारा त्यात आला. सूत्राच्या शेवटी असलेल्या २ ने मी एक्सेलला सांगितलं होतं की हे दोन वेगवेगळे, एकमेकांशी संबंध नसलेले गट आहेत. मग t म्हणजे ०.११ चा फरक भागिले ०.१५६ ही प्रमाण त्रुटी, म्हणजे जेमतेम ०.७. वीस आकड्यांतून दोन गटांचे दोन वजा, अशा अठरा स्वातंत्र्य मात्रांना ५ टक्क्यांची सीमा २.१०; t तिच्या पुढे गेला तरच फरक योगायोगाचा नाही म्हणायचं. गाईंच्या त्या गोंगाटात मशीनचा आवाज ऐकूच येत नव्हता. पण दूध तर प्रत्येक वेळी एकच होतं! दोन भाग करायचा खटाटोप त्यासाठीच तर केला होता, आणि हिशेबात तोच विसरले.

मग प्रत्येक जोडीची वजाबाकी केली: ०.१, ०.१, ०, ०.२, ०.१, ०.२, ०.१, ०, ०.२, ०.१. यात गाय उरतच नाही, फक्त मोजण्यातला फरक उरतो. सरासरी ०.११, प्रमाण विचलन आता ०.०७४. त्याला दहाच्या वर्गमुळाने भागलं की ०.०२३, आणि ०.११ ला त्याने भागलं की t आला ४.७. नऊ मात्रांना सीमा २.२६. एक्सेलमध्ये शेवटचा आकडा २ चा १ केला, इतकंच:

```
=T.TEST(B2:B11,C2:C11,2,1)
```

उत्तर ०.००१ च्या आसपास. तेच वीस आकडे, तोच ०.११ चा फरक, आणि निकाल उलटा.

सचिव म्हणाले, "मॅडम, मघाशी नाही म्हणालात, आता हो म्हणताय. हवं ते उत्तर काढता येतं काय यात?" प्रश्न रास्त होता. त्यांना दुधाचे दोन भाग आठवायला सांगितले. दहा गाईंचं दूध मशीनवर आणि दुसऱ्याच दहा गाईंचं गर्बरवर मोजलं असतं, तर पहिलं सूत्र बरोबर ठरलं असतं, आणि त्या मोजणीतून काही कळलंही नसतं. कुठलं सूत्र लावायचं हे उत्तर बघून ठरत नाही, नमुना कसा घेतला त्यावरून ठरतं. खरं तर हे मोजायच्या आधीच वहीत लिहायला हवं होतं. मी लिहिलं नव्हतं, म्हणून हे ऐकून घ्यावं लागलं.

शिवाय t ने फक्त फरक आहे एवढंच सांगितलं, चूक कोणाची ते नाही. ॲसिड कमी-जास्त तीव्रतेचं असतं तर माझंच गर्बर चुकलं असतं. म्हणून तीन नमुने संघात नेऊन दुसऱ्या सहकाऱ्याकडून, दुसऱ्या बाटलीतल्या ॲसिडने करून घेतले. तिन्ही माझ्या वाचनाशी जुळले. मग मशीनवाल्या तंत्रज्ञाला बोलावलं. त्याने आतली नळी क्लीनरने धुतली, फॅटचं कॅलिब्रेशन बदललं.

तिसऱ्या दिवशी पुन्हा दहा नमुने. या वेळी फरकांची सरासरी ०.०१, विचलन पुन्हा ०.०७, t ०.४. मशीनचा एकेका वाचनातला हेलकावा होता तसाच राहिला, फक्त एका बाजूची ओढ गेली. "फरक नाही" असा शेरा लिहायचं मी टाळलं. मशीनचा खरा फरक गर्बरच्या ०.०४ वर ते ०.०६ खाली यांच्या दरम्यान असावा, असं लिहिलं. ९५ टक्के विश्वासाचा पट्टा तेवढा येत होता, आणि मशीन ०.१ च्या आतला फरक दाखवतच नाही.

आबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "आता बरोबर झालं म्हणता. मग मागच्या महिन्याचं काय?"

माझे वीस आकडे त्या एका सकाळचे होते. मशीन कधीपासून खाली वाचत होतं, ते त्यांत नव्हतं. मी सचिवांकडे कॅलिब्रेशनची नोंदवही मागितली. त्यांनी कपाट उघडलं, बराच वेळ शोधलं आणि वही दिली. मशीन बसवल्याच्या तारखेखाली पान कोरं होतं.