दहा ते एक

दापोलीजवळच्या मुरुडला (जंजिऱ्याचं नव्हे) आमचं घर आहे आणि त्यातल्या तीन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. आधीच्यांनी सकाळी दहाला खोली सोडायची आणि नवे दुपारी एकला येणार. मधल्या तीन तासांत मी आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी अशा दोघीच असतो. मे महिन्यात आणि दिवाळीत तिन्ही खोल्या एकाच दिवशी रिकाम्या होऊन त्याच दिवशी भरतात, तेव्हा एका खोलीच्या वाट्याला तासभर येतो.

पहिल्या वर्षी मी वहीत छान यादी केली होती. चादरी, बाथरूम, उपकरणं आणि मोडतोड असे चार रकाने आणि प्रत्येकात बरोबरच्या खुणा. मे महिन्यातल्या एका शनिवारी त्या यादीचा फोलपणा कळला. मधल्या खोलीत पुण्याचं एक कुटुंब आलं, सोबत आजी होत्या. आजी जरा आडव्या झाल्या, एसी लावला आणि वीसेक मिनिटांत त्यांच्या उशीवर पाणी टपकायला लागलं. मी धावत वही बघितली, तर एसीसमोर खूण होती. खोटी नव्हती हो! मी रिमोट दाबला होता, गार वारा आला होता, मी एसी बंद केला होता.

मागच्या बाजूला जाऊन बघितलं तेव्हा कारण सापडलं. एसीचं पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. पाण्याला वाट नाही, म्हणून ते आतल्या ताटलीत साठून भिंतीवरून खाली आलं. एसीत टपकण्याइतकं पाणी जमायला वेळ लागतो, दोन मिनिटं लावून बंद केला तर काहीच कळत नाही. त्याहून मनाला लागलं ते दुसरंच. आधीच्या पाहुण्यांना फोन केला तर ते सहज म्हणाले, "हो काकू, रात्री थोडं टपकत होतं. आम्ही खाली बादली ठेवली होती."

तेव्हापासून मी यादी घड्याळाप्रमाणे लावली. ज्याला वेळ लागतो ते आधी सुरू करायचं, जे पाहुण्यांसमोरच कळू शकतं ते त्यांच्यासमोर बघायचं, आणि जे ओलं होतं ते शेवटी. वाक्यंही बदलली. 'एसी ठीक' ही नोंद गेली, तिथे 'वीस मिनिटं चालवला, खालच्या भिंतीला हात लावला, मागे नळीतून थेंब पडताना पाहिले' असं आलं. मावशी वाचून हसल्या, पण त्यांनाही ते पटलं.

सुरुवात पाहुणे गाडीत बसायच्या आधी होते. ते ओटीवर चहा घेत असताना मी म्हणते, "काही राहिलं तर नाही ना, बघून येते." हे नुसतं निमित्त नसतं, कारण चार्जर, बाथरूमच्या कोनाड्यातली नथ, दारामागे अडकवलेला रेनकोट असं काहीतरी दर दोन-तीन वेळांत एकदा तरी सापडतंच. पण तेवढ्यात माझं मोजूनही होतं: टॉवेल चार, रिमोट दोन, किल्ली, किटली, दोहर दोन. मग परत येऊन नेमकं विचारते, "गरम पाणी आलं ना? कुठे टपकत होतं? एखादा दिवा लागत नव्हता?" नुसतं "सगळं बरं होतं ना?" विचारलं तर मराठी माणूस "छानच होतं" म्हणतो आणि निघतो. एकेक वस्तू विचारली की बादलीची गोष्ट बाहेर येते.

मोडतोडीचं बोलणंही याच वेळी होतं, नंतर नाही. गाडी खेड ओलांडून गेल्यावर फोन करून "टीपॉयवर गरम पातेल्याचा डाग आहे" सांगितलं की भांडणच होतं, आणि डाग त्यांनीच पाडला हे मला तरी कुठे सिद्ध करता येतं? म्हणून खोली तयार झाली की मी दारातून, पलंगापाशी आणि बाथरूममध्ये असे तीन फोटो काढते. नव्या पाहुण्यांच्या आधीचा तो पुरावा. पैसे कशाचे घ्यायचे हेही ठरवून टाकलं आहे. फुटलेला पेला, कालवणाचा डाग, मुलाने रेघोट्या मारलेली भिंत यांचे घेत नाही. गादी भिजली, टॉवेल हरवला, रिमोट मोडला तर घेते, आणि तो आकडा खोली देतानाच सांगितलेला असतो. टॉवेल हरवायचं प्रमाण मात्र वेगळ्याच उपायाने कमी झालं. लोक टॉवेल चोरत नव्हते, समुद्रावर नेऊन ओल्या वाळूसकट डिकीत विसरत होते. आता किनाऱ्यासाठी जुने रंगीत टॉवेल पडवीत दोरीवरच असतात.

गाडी फाटकाबाहेर पडली की मी झाडूला हात लावायच्या आधी बटणं चालू करते. एसी चोवीसवर, गीझर चालू, पंखा आणि सगळे दिवे चालू. फ्रिजचा खालचा कप्पा आणि बर्फाची जागा उघडून बघते, कारण हर्णैच्या लिलावातून आणलेली सुरमई तिथे विसरली गेली तर दोन दिवसांनी शोधावी लागत नाही. किटलीचं झाकण उघडून वास घेते. तिच्यात लोक दूध तापवतात, मॅगी करतात, एकदा तर अंडी उकडली होती. दूध तळाला करपलेलं असेल तर लिंबूसत्वाचं पाणी उकळून अर्धा तास ठेवायचं, घासून पत्रा खरवडायचा नाही.

गीझरचं आमच्याकडे खास दुखणं आहे. विहिरीचं पाणी किंचित मचूळ, त्यात कॉइल लवकर खाल्ली जाते. लाल दिवा लागलेला आणि वीस मिनिटांनीही पाणी गारच, तर कॉइल गेली. पण गीझर लावताच घरातला ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की आपोआप बंद होणारा खटका, पडत असेल तर वीज पाण्यात उतरते आहे. तो खटका पुन्हापुन्हा वर करून बघायचा नाही. त्या दिवशी गरम पाणी बादलीने द्यायचं आणि वायरमनला बोलवायचं.

ही यंत्रं चालू असताना पलंग उघडा करते. चादर झटकून गोळा करायची नाही, उचलून खिडकीच्या उजेडात धरायची. इथे चादरींचे तीन ढीग होतात: साध्या, तेलकट आणि डागाच्या. मग टॉर्च घेऊन गादीच्या शिवणी आणि पलंगाच्या डोक्याकडच्या फटी बघते. काळे बारीक ठिपके दिसले तर ढेकूण. तसं दिसलं तर ती खोली त्या दिवशी द्यायचीच नाही, कितीही गर्दी असो. पाहुण्यांच्या बॅगांतून ढेकूण कुठूनही येतात, यात लाजण्यासारखं काही नाही. लपवलं तर मात्र ते उरलेल्या दोन खोल्यांत जातात.

डागांनी मला सगळ्यात जास्त शिकवलं. हळदीचा डाग साबण लागला की लालभडक होतो, तेव्हा नवखी बाई घाबरते. घाबरायचं कारण नाही, धुऊन कडक उन्हात टाकला की तो फिका पडतो. रक्त गार पाण्याने, गरम पाण्याने ते पक्कं बसतं. पण एक डाग मला दोन वर्षं कळत नव्हता. पांढऱ्या टॉवेलांवर आणि अभ्र्यांवर धुतल्यावर गंजासारखे नारिंगी डाग यायचे. मळलेल्या ढिगात ते नसायचे, मशीनमधून बाहेर आल्यावर दिसायचे! मी ब्लीच घालायचे, डाग आणखी गडद व्हायचे. मावशींना वाटायचं मशीन गंजलं.

शेवटी मुंबईच्या एका पाहुण्या, रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाई, चहा पिता पिता म्हणाल्या, "तुमच्या पाण्यात लोह आहे का हो?" आहेच, बादलीला तपकिरी कडा येते. त्यांनी सांगितलं की उन्हाचं क्रीम समुद्रावर सगळेच फासतात, त्यातल्या काहींत अॅव्होबेन्झोन असतं. ते आणि पाण्यातलं लोह एकत्र आले की गंजासारखा रंग तयार होतो, ब्लीचने तो वाढतो. त्यावर आंबट काहीतरी हवं. आता तेलकट ढीग आधी भांड्यांच्या साबणाने चोळून घेते, म्हणजे क्रीम निघतं, आणि मग धुते. तरी डाग उरलाच तर लिंबूसत्वाच्या पाण्यात तासभर. एक गोष्ट मावशींना मी तीनदा सांगितली: ब्लीच आणि आंबट, किंवा ब्लीच आणि संडास धुवायचं अॅसिड, एकत्र कधीच नाही. विषारी वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेतू शकतो. ब्लीचची बाटली आता घरातच ठेवत नाही.

दर पलंगाला चादरींचे तीन जोड लागतात: एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. हे उन्हाळ्याचं गणित. श्रावणात चादर पडवीत दोन-तीन दिवस दमट राहते, तेव्हा पाच जोडही पुरत नाहीत. जाड सोलापुरी चादरी सुंदर दिसतात, पण पावसाळ्यात मी त्या काढून ठेवते आणि पातळ दोहर देते. अर्धवट वाळलेली चादर कपाटात गेली तर कुबट वास सगळ्या घड्यांना लागतो.

मग बाथरूम. आधी कोरडं काम: केस, वाळू, जाळी उचलून आतला गाळ. वाळूवर आधी पाणी ओतलं तर ती पाइपात जाऊन बसते. साबणाच्या वापरलेल्या वड्या काढायच्या, त्या पडवी धुवायला चालतात. नवी छोटी वडी बंद वेष्टनातच ठेवायची. शाम्पूच्या भिंतीवरच्या बाटल्या खुणेपर्यंत भरायच्या आणि थोडा हातावर घेऊन बघायचा, कारण मुलं त्यात पाणी भरतात. जेट स्प्रे दाबून सोडायचा, गळतो का पाहायचं. धुणं झालं की दार-खिडकी उघडी. ओली फरशी कितीही स्वच्छ असली तरी नव्या माणसाला ती वापरलेलीच वाटते.

फरशी वाळेपर्यंत पलंग. त्याआधी एसीखालच्या भिंतीला हात लावायचा आणि मागे जाऊन नळी बघायची, हे आता सवयीचं झालंय. चादर घातली की मी उशीवर जुना पंचा टाकून दोन मिनिटं आडवी होते. उभ्याने न दिसलेलं सगळं तिथून दिसतं: पंख्याच्या पात्यांवरची धूळ, वाशाला लटकलेलं जळमट, पालीची घाण. मावशींना पहिल्यांदा वाटलं मी दमले. आता त्या बाहेरून विचारतात, "ताई, झोपून झालं का?"

नळीच्या तोंडाला जाळी बांधल्यापासून कुंभारीण तिथे फिरकलेली नाही. परवा तिसऱ्या खोलीच्या दाराची कडी लागेना, म्हणून मावशींनी वाकून चौकटीतल्या भोकात पाहिलं. आत मातीचा ओला गोळा होता. यादीत एक ओळ वाढली.