थकलेल्या भाड्याची नोटीस: अठ्ठेचाळीस हजारांचे पंचेचाळीस कसे झाले

भाडेकरूला नोटीस पाठवायची म्हणून वकीलबाईंकडे गेलो, तेव्हा डोक्यात एकच वाक्य तयार होतं: "चार महिन्यांचं भाडं थकलंय." त्यांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कोणते चार?"

भाडं दरमहा 12,000, करारानुसार ज्या त्या महिन्याच्या 5 तारखेपर्यंत आगाऊ द्यायचं. फेब्रुवारी ते जून मिळून 60,000 येणं होते. मार्चमध्ये 7,000 आले, मेमध्ये 5,000. म्हणजे 48,000 बाकी, बरोबर चार महिन्यांचं भाडं. बेरीज चोख होती. पण नोटिशीत नुसती बेरीज पुरत नाही, कोणत्या महिन्याचे किती राहिले ते लिहावं लागतं. महिना, देय तारीख, मिळालेली रक्कम, मिळाल्याची तारीख आणि बाकी असा तक्ता बाईंनी माझ्यासमोरच आखला.

मार्चचे पैसे पाठवताना भाडेकरूने मेसेज केला होता, "मार्चपैकी सात पाठवतोय." पैसे देणाऱ्याने ते कशापोटी आहेत हे सांगितलं असेल आणि आपण ते तसेच घेतले असतील, तर ते तिथेच जमा धरायचे, जुन्या थकबाकीत वळवायचे नाहीत. मेच्या 5,000 बरोबर मात्र काहीच लिहिलेलं नव्हतं, म्हणून ते सगळ्यात जुन्या बाकीत, म्हणजे फेब्रुवारीत गेले. फेब्रुवारीचे 7,000 राहिले, मार्चचे 5,000, आणि पुढचे तीन महिने पूर्ण. एकूण तेवढेच, पण आता थकबाकी पाच महिन्यांत पसरली होती, आणि कुठली बाकी कधीपासूनची हे कागदावर आलं.

मग बाईंनी आमचे सगळे मेसेज वाचायला मागितले. एप्रिलमध्ये नळदुरुस्तीचे 3,000 त्याने भरले होते आणि "भाड्यातून वजा करा" असं मीच लिहिलं होतं. एप्रिलची बाकी 9,000 झाली, एकूण 45,000. मला ते तीन हजार सोडायचं जिवावर आलं होतं, खोटं कशाला बोलू. बाई म्हणाल्या, "नोटिशीत तीन हजार जास्त मागितले की तो उरलेल्या पंचेचाळीसवर बोलणारच नाही, त्या तीनवरच भांडेल." उशिराचा दंडही त्यांनी घालू दिला नाही, कारण करारात तसं कलमच नव्हतं. अनामत रक्कम भाड्यात वळती होणार नाही असं करारात होतं. ते वाक्य मात्र कलमाच्या क्रमांकासह नोटिशीत आलं.

मुदतीबद्दल माझी कल्पना होती की एक तारीख लिहायची आणि मोकळं व्हायचं. पण टपाल उशिरा पोचलं तर तीच तारीख कमी पडते, आणि कायद्याने ठरवलेल्या किमान मुदतीपेक्षा एक दिवस जरी कमी दिला तरी नोटीस कुचकामी ठरू शकते. करारात 15 दिवस लिहिले होते. ते त्या किमान मुदतीपेक्षा कमी होते, म्हणून बाईंनी ते बाजूला ठेवले. ही किमान मुदत सगळीकडे सारखी नसते, शिवाय कराराच्या प्रकारावरही अवलंबून असते, म्हणून दुसऱ्या कुणाच्या नोटिशीतला आकडा उचलू नये. आमच्या नोटिशीत "ही नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत" असं लिहिलं. पुढच्याच परिच्छेदात, या काळात देय होणारं भाडं या रकमेखेरीज वेगळं द्यावं लागेल, हेही.

नोटीस पोचपावतीसह दोन पत्त्यांवर गेली, भाड्याच्या घरी आणि करारातल्या कायमच्या पत्त्यावर. घरचं पाकीट त्याला 16 जूनला मिळालं. तो दिवस मोजायचा नाही. 17 जून पहिला, म्हणजे शेवटचा दिवस 16 जुलै. दुसरं पाकीट "घर बंद" असा शेरा मारून परत आलं. ते न फोडता फायलीत ठेवा, असं बाईंनी बजावलं, कारण टपालाचा शिक्का आणि शेरा हाच पाठवल्याचा पुरावा.

5 जुलैला त्याने जुलैचे 12,000 भरले, तसा उल्लेख करून. नोटिशीनंतर भाडं मुकाट्याने घेतलं तर "मालकाने नोटीस सोडून दिली" असा युक्तिवाद होऊ शकतो. म्हणून पावतीवर लिहिलं, "फक्त जुलैचं भाडं, नोटिशीतले सर्व हक्क राखून." 14 जुलैला 30,000 आले आणि फोनवर विनंती, उरलेले दोन हप्त्यांत देतो. मी लगेच हो म्हणणार होतो, पण बाईंनी तोंडी काही कबूल करू दिलं नाही. 7,500 चे दोन हप्ते, त्यांच्या तारखा, आणि एकही चुकला तर नोटिशीची मुदत संपली असं धरून दावा करता येईल, एवढं एका कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. पहिला हप्ता वेळेवर आला. दुसरा यायचा आहे.