"एकटी आलीस ते ठीक, पण तिथी बघून आलीस का?"

हरिहरेश्वरला ज्यांच्या घरी उतरले, त्या काकूंचा हा पहिला प्रश्न. माणगाव स्टेशनपासून एसटीत सगळ्यांनी "सोबत कोण?" एवढंच विचारलं होतं.

देवळामागून खडकातल्या पायऱ्या उतरून समुद्राकाठची प्रदक्षिणा करायची, तर ओहोटीच हवी. भरतीला ती वाट पाण्याखाली जाते आणि लाटा माणूस ओढून नेतात.

काकूंनी कॅलेंडरकडे पाहिलं. षष्ठी. "सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे साडेचारला भरती, तिथून सहा तासांनी, साडेदहा-पावणेअकराला पाणी सगळ्यात खाली. दहाला उतर, अकराच्या आत वर ये. उद्या हेच पाऊण तास पुढे." पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. हिशेब ढोबळ आहे, वेळ पुढेमागे होते, आणि पावसाळ्यात तर ओहोटीलाही उतरायचं नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

दहाला उतरले. लाटांनी पोखरलेल्या खडकांत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं पडली आहेत. मनसोक्त बघत बसले. घाई करणारं कुणी नव्हतं.

पहिल्यांदा एकटीने निघताना घरच्यांनी लॉज, फोन, चार्जर, सगळं विचारलं. समुद्राचं कुणीच नाही. तुमच्याकडे अजून कुणाला हा पाऊणपटीचा हिशेब येतो का?